एक भाव की दोन? ऐरोली-नेरूळच्या डब्यांचा हिशेब

माझी मावसबहीण कोपरखैरण्यात डब्यांचं स्वयंपाकघर चालवते. दुपारचे डबे दोन दिशांना जातात, ऐरोलीच्या कंपन्यांमध्ये आणि नेरूळच्या हॉस्टेलांवर. डबा तोच: तीन पोळ्या, भाजी, वरण, भात. भाव सरसकट 110 रुपये. मागच्या महिन्यात तिनं विचारलं, "ताई, हॉस्टेलच्या मुलांना थोडं कमी आणि ऑफिसवाल्यांना थोडं जास्त लावलं तर? की हा अन्याय होईल?" मी अर्थशास्त्र शिकवते, पण उत्तर तोंडावर न देता तिची वही मागितली. असाच निर्णय ज्यांच्यासमोर आहे, त्यांच्यासाठी तो हिशेब इथं मांडते.

110 रुपये भावाला ऐरोलीत रोज 110 डबे जातात, नेरूळला 40. वर्षभरात तिनं दोनदा भाव हलवून पाहिला होता. त्यावरून दिसतं की भाव एक रुपयानं वाढला की ऐरोलीत साधारण एक गिऱ्हाईक तुटतं, नेरूळला दोन. एक जादा डबा करायला शिधा, गॅस आणि पोचवणं धरून 60 रुपये लागतात, कुठंही पाठवला तरी. हा सीमांत खर्च. गाळ्याचं भाडं आणि स्वयंपाकिणीचा पगार यात धरायचा नाही, कारण एक डबा वाढल्यानं तो वाढत नाही.

आता सरसकट भाव जवळून पाहू. ऐरोलीला 110 ऐवजी 109 डबे द्यायचे ठरवले तर भाव 111 करता येतो. विक्री 12,100 वरून 12,099 होते, म्हणजे तिथला शेवटचा डबा गल्ल्यात फक्त एक रुपया घालत होता. हे पटायला बहिणीला वेळ लागला, कारण त्या डब्याचे 110 रुपये तर हातात येतात. पण तो एक डबा खपावा म्हणून बाकीच्या 109 जणांनाही एकेक रुपया सोडावा लागतो. उलट नेरूळला 40 चे 41 करायचे तर भाव 109.50 करावा लागतो आणि विक्री 4,400 वरून 4,489.50 होते. एकच डबा ऐरोलीतून काढून नेरूळला पाठवला, तर खर्च तोच राहून सुमारे 88 रुपये वाढले.

शेवटच्या डब्यामुळे विक्रीत पडणाऱ्या या भरीला सीमांत प्राप्ती म्हणतात. दोन बाजारांत ती वेगळी आहे तोवर डबे चुकीच्या जागी जात आहेत. समान करायची ती सीमांत प्राप्ती. भाव किंवा दर डब्यामागचा नफा दोन्हीकडे सारखा करायला गेलात तर गणित बिघडतं.

दोन भावांचा हिशेब असा. ऐरोलीत जितके डबे खपवायचे, तितके 220 मधून वजा केले की भाव मिळतो, त्यामुळे तिथली सीमांत प्राप्ती 220 − 2 × डबे. नेरूळला भाव 130 मधून डब्यांची निमपट वजा करून येतो, म्हणून सीमांत प्राप्ती 130 − डबे. शेवटच्या डब्यानं निदान स्वतःचा सीमांत खर्च भरून काढावा, म्हणून दोन्ही 60 ला आणून बसवल्या की ऐरोलीला 80 डबे 140 रुपयांनी आणि नेरूळला 70 डबे 95 रुपयांनी जातात.

| | एक भाव | दोन भाव |
|---|---|---|
| ऐरोली | 110 डबे, ₹110 | 80 डबे, ₹140 |
| नेरूळ | 40 डबे, ₹110 | 70 डबे, ₹95 |
| एकूण डबे | 150 | 150 |
| खर्च वजा जाता रोज | ₹7,500 | ₹8,850 |

रोजचे 1,350 रुपये जास्त. पण एकूण डबे तेवढेच आहेत, याकडे दुर्लक्ष करू नका. मागणीच्या रेषा सरळ असतील आणि दोन्ही बाजारांना आधीपासून माल मिळत असेल, तर मूल्यभेदानं, म्हणजे एकाच मालाला दोन भाव लावल्यानं, एकूण उत्पादन बदलत नाही, फक्त वाटणी बदलते. नेरूळच्या 30 मुलांना नव्यानं डबा मिळाला, पण ऐरोलीतल्या 30 जणांचा सुटला, आणि ते 30 जण त्याच डब्याला 110 हून जास्त द्यायला तयार होते. बहिणीचा फायदा खरा आहे, पण गिऱ्हाइकांचं एकत्रित नुकसान त्याहून मोठं आहे. "अन्याय होईल का" याला या आकड्यांवर माझं उत्तर होतं, "थोडा होतोच."

हेच उत्तर उलटतं कधी, तर एक भाव ठेवल्यानं एक बाजार बंदच पडत असेल तेव्हा. समजा नेरूळची मुलं 100 च्या वर एकही डबा घेत नसती आणि रुपयाला दोन गिऱ्हाइकांचा हिशेब तोच असता. मग एकच भाव ठेवायचा तर 140 ला फक्त ऐरोली सांभाळणं सर्वात फायद्याचं, आणि हॉस्टेल उपाशी. दोन भाव ठेवले तर ऐरोली 140 लाच राहते आणि नेरूळला 80 रुपयांनी 40 डबे जातात. कुणाचं काही जात नाही, बहिणीला रोज 800 जास्त. अशा ठिकाणी मी दोन भावांना बिनदिक्कत हो म्हणेन.

आता स्वयंपाकघराचं. दोन बाजार असले तरी चूल एकच आहे. तिच्या शेगड्यांवर रोज 120 डबेच निघत असते, तर 60 चा आकडा कामाचा नाही. तेव्हा दोन्हीकडची सीमांत प्राप्ती 80 ला जुळते: ऐरोली 70 डबे 150 ला, नेरूळ 50 डबे 105 ला. हॉस्टेलची मागणी वाढल्यामुळे चूल अपुरी पडली, तरी ऐरोलीचाही भाव हलवावा लागतो, कारण नेरूळला दिलेला प्रत्येक डबा ऐरोलीच्या वाट्यातून जातो. आणि 120 वरून 150 वर जाण्यासाठी मदतनीस ठेवायची का? दोन भावांत 120 डब्यांवर 8,550 सुटतात, 150 वर 8,850. मदतनिसाची मजुरी दिवसाला 300 च्या वर जात असेल तर ठेवू नये.

हे सगळं टिकतं ते दोन बाजार वेगळे राहिले तरच. डबा गरम असतो, दुपारी एकच्या आत पोचावा लागतो, म्हणून तो सहसा परत विकला जात नाही. पण नेरूळ-ऐरोली ट्रान्स-हार्बर लोकलनं जोडलेले आहेत. हॉस्टेलवर राहून ऐरोलीत इंटर्नशिप करणारा एक मुलगा ऑफिसातल्या पाचजणांचे डबे स्वतःच्या नावावर सांगू शकतो. असा प्रत्येक डबा 140 ऐवजी 95 ला जातो, 45 रुपये बुडतात. रोजचे असे 30 डबे झाले की 1,350 चा फायदा संपतो आणि फक्त दोन भावांची बदनामी उरते. ओळखायची खूण सोपी आहे. ऐरोलीचे डबे कमी होतात आणि जवळजवळ तितकेच नेरूळच्या नावावर वाढतात, तेही कॉलेजला सुट्टी असताना.

आणखी एक मर्यादा. रुपयाला एक आणि दोन गिऱ्हाइकं हा अंदाज 110 च्या आसपासचा आहे. 140 पर्यंत तो तसाच राहील हे वही सांगत नाही. म्हणून मी तिला थेट 140 करू दिलं नाही. ऐरोली 120, नेरूळ 105, तीन आठवडे. वहीत एक नवा रकाना आखला आहे: डबा कुठल्या पत्त्यावर उतरला.