‘किमान एक’ची संभाव्यता: सरळ मोजायची की १ मधून वजा करायची?

प्रश्नात ‘किमान एक’ किंवा ‘कमीत कमी एक’ असे शब्द आले की दोन वाटा असतात. सरळ वाटेनं जायचं तर घटना नेमकी एकदा घडेल, नेमकी दोनदा घडेल, तीनदा घडेल असे सगळे प्रकार वेगवेगळे काढून बेरीज करायची. उलट्या वाटेनं एकदाही न घडण्याची संभाव्यता काढायची आणि १ मधून वजा करायची. पूरक घटनेचं सूत्र तेच. दोन्ही वाटा बरोबर चालल्या तर उत्तर एकच येतं, त्यामुळे प्रश्न फक्त कोणती वाट चुकण्याची शक्यता जास्त, एवढाच आहे. नमुना अवकाश लिहिता येतो आणि ‘१२ मधून ४ निवडण्याचे प्रकार’ काढता येतात, असं धरून पुढे जातो.

नाण्यांपुरतं बोलायचं तर निवड करण्याचं फारसं कारण नाही. तीन नाणी फेकली तर आठ निष्पत्ती. नेमका एक छापा तीन प्रकारे, दोन छापे तीन प्रकारे, तिन्ही छापे एका प्रकारे, म्हणजे ७/८. उलटं गेलं तर तिन्ही काटे ही एकच निष्पत्ती बाजूला काढायची, पुन्हा ७/८. ज्याला जे सुचेल ते करावं.

पण इतक्या साध्या ठिकाणीही सरळ मोजणीनं मोठमोठ्यांना फसवलं आहे. दालांबेर या फ्रेंच गणितज्ञानं १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातल्या नोंदीत लिहिलं की दोन फेकींत किमान एक छापा येण्याची संभाव्यता २/३ आहे. त्याचं म्हणणं असं: पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसऱ्यांदा फेकायची गरजच नाही, म्हणून शक्यता तीनच. छापा, काटा-छापा आणि काटा-काटा. तीन शक्यता आहेत हे खरं, पण त्या समान वजनाच्या नाहीत. पहिलीच्या पोटात छापा-छापा आणि छापा-काटा अशा दोन निष्पत्ती बसल्या आहेत. बरोबर उत्तर ३/४. उलट्या वाटेनं गेल्यावर हा घोटाळा आपोआप टळतो असं मात्र नाही. काटा-काटा ही ‘तीनातली एक’ मानणारा तिथंही १ − १/३ असंच करेल. टळतो तो शक्यता मोजण्याऐवजी गुणाकार केला तर: पहिल्या फेकीत काटा १/२, दुसऱ्या फेकीत काटा १/२, दोन्ही मिळून १/४. आणि उलट्या वाटेवर आपण बहुतेक वेळा गुणाकारच करतो, हा तिचा एक छुपा फायदा.

फाशाकडे आलं की दोन्ही वाटांच्या मेहनतीत फरक दिसायला लागतो. एक फासा चारदा टाकला, किमान एकदा सहा पडण्याची संभाव्यता किती? घाईत १/६ ची चौपट करून २/३ लिहिणारे पुष्कळ. ती चूक ओळखायची सोपी खूण आहे: तीच रीत वापरून सहा फेकींचं उत्तर १ येतं आणि सात फेकींचं ७/६. चार फेकींत दोनदा सहा पडले तर ती एकच निष्पत्ती या बेरजेत दोनदा धरली जाते, म्हणून आकडा फुगतो.

नीट सरळ मोजणी केली तर एकूण १२९६ निष्पत्तींपैकी नेमका एक सहा ५०० वेळा, दोन १५० वेळा, तीन २० वेळा आणि चारही सहा एकदा. बेरीज ६७१. यातला ५०० हा आकडा असा येतो: सहा कोणत्या फेकीत ते ४ प्रकारे, उरलेल्या तीन फेकींत प्रत्येकी ५ पर्याय, म्हणून ४ × १२५. बाकीचेही तसेच. उलट्या वाटेनं सहा न पडण्याचे ५ × ५ × ५ × ५ = ६२५, आणि १२९६ − ६२५ = ६७१. दोन्हीकडे सुमारे ०.५१८.

हाच प्रश्न १६५४ च्या सुमारास पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात आला होता. पैजांचे शौकीन फ्रेंच लेखक शेव्हालिये द मेरे यांना एक विसंगती खटकत होती. एका फाशाच्या चार फेकींत सहा पडेल अशी पैज फायद्याची, मग दोन फाशांच्या २४ फेकींत दोन्ही सहा पडतील अशी पैजही फायद्याची का नसावी? ४ ला ६ शी जे प्रमाण तेच २४ ला ३६ शी. इथं सरळ मोजायला बसलं तर एकदा, दोनदा असे चोवीस प्रकार होतात. उलटं गेलं तर एकच ओळ: १ − (३५/३६)²⁴. साध्या कॅल्क्युलेटरवर ३५ ला ३६ नं भागून सलग तीनदा वर्ग केला की आठवा घात मिळतो, त्याचा घन केला की चोविसावा. तो ०.५०८६ येतो, म्हणून उत्तर ०.४९१४. निम्म्याहून थोडं कमी, पैज तोट्याची. २५ फेकी केल्या की ०.५०५५ होतं.

इथपर्यंत उलट्या वाटेची बाजू फक्त कष्ट वाचवण्याची आहे. काहींना लांब बेरीज आवडते, त्यांच्याशी भांडण नाही. माझं मत ठरलं ते परत न ठेवता काढण्याच्या गणितांवरून, आणि तेही एकाच खोडीमुळे.

खोक्यात १२ बल्ब, त्यातले ३ खराब. न बघता ४ काढले, किमान एक खराब निघण्याची संभाव्यता काढायची आहे. एकूण निवडी ४९५. सरळ वाटेनं जाणाऱ्याला एक फार मोहक युक्ती सुचते: ‘किमान एक खराब हवाय ना, मग आधी ३ खराबांतून एक घेऊन टाकू, आणि उरलेल्या ११ मधून कोणतेही तीन घेऊ.’ ऐकायला काहीच चुकीचं वाटत नाही. ११ मधून ३ घेण्याचे प्रकार १६५, त्याला ३ नं गुणलं की ४९५. म्हणजे संभाव्यता ४९५/४९५ = १! चारही बल्ब चांगले निघूच शकत नाहीत, असं गणित सांगतंय, आणि खोक्यात तर ९ चांगले बल्ब आहेत.

चूक कुठं झाली ते जवळून पाहा. खराब बल्बांना क, ख, ग म्हणू. क, ख आणि दोन चांगले अशी निवड घ्या. ‘आधी क घेतला, मग उरलेल्यांत ख आला’ अशी ती एकदा मोजली गेली, आणि ‘आधी ख घेतला, मग क आला’ अशी दुसऱ्यांदा. तीन खराब असलेली निवड तीनदा मोजली गेली. नेमका एक खराब असलेल्या निवडी २५२, दोन असलेल्या १०८, तिन्ही असलेल्या ९. युक्तीनं काय मोजलं? २५२ + २ × १०८ + ३ × ९ = ४९५. खरी बेरीज ३६९, म्हणून उत्तर ३६९/४९५ = ४१/५५, सुमारे ०.७४५.

इथं उत्तर १ आलं म्हणून चूक सापडली तरी. चाराऐवजी तीनच बल्ब काढले असते तर तीच युक्ती ३ × ५५ = १६५ देते, एकूण निवडी २२०, म्हणजे ०.७५. खरं उत्तर ३४/५५, सुमारे ०.६१८. ०.७५ पाहून कुणालाही शंका येणार नाही. उत्तर शून्य आणि एकच्या मध्ये आहे, अपूर्णांक नीटनेटका आहे, पायऱ्या पटणाऱ्या आहेत. फाशाची ७/६ वाली चूक निदान कधीतरी उघडी पडते, ही गुपचूप बसून राहते. सरळ वाटेवरचा हा दुहेरी मोजणीचा त्रास मला सगळ्यात जास्त नकोसा वाटतो.

उलट्या वाटेवर अशी युक्ती सुचायला जागाच नसते. एकही खराब नाही म्हणजे चारही चांगले. पहिला चांगला ९/१२, दुसरा ८/११, तिसरा ७/१०, चौथा ६/९. गुणाकार १४/५५, वजा केलं की ४१/५५. एकच प्रकार, त्यामुळे दोनदा मोजायला काही उरत नाही.

सांभाळायचं ते एवढंच की अंश आणि छेद दोन्ही दर वेळी एकानं कमी व्हायला हवेत. फाशाच्या सवयीनं १ − (९/१२)⁴ केलं तर उत्तर ०.६८४ येतं, ते बल्ब परत खोक्यात ठेवत गेल्याचं उत्तर आहे. आपला गुणाकार नीट आहे का हे पाहायला टोकाची परिस्थिती घ्यावी: १० बल्ब काढले तर दहाव्या वेळी अंश शून्य होतो, म्हणजे खराब निघणारच. ९ चांगले असताना १० काढल्यावर तसंच व्हायला हवं. घाताच्या रीतीत हा शून्य कधीच येत नाही.

आता उलट्या वाटेचे काटे. ‘किमान एक सहा’च्या उलट ‘एकही सहा नाही’, ‘सगळे एक’ नव्हे. हे बहुतेकांना कळतं. घसरायला होतं ते ‘प्रत्येक प्रकारचा किमान एक’ असं विचारल्यावर. तीन बल्ब काढले, त्यात किमान एक खराब आणि किमान एक चांगला हवा. याच्या उलट दोन गोष्टी आहेत: एकही खराब नाही, किंवा एकही चांगला नाही. पहिल्याच्या निवडी ८४, दुसरीची १, दोन्ही एकदम घडू शकत नाहीत, म्हणून २२० − ८५ = १३५ आणि उत्तर २७/४४. एकच बाजू वजा करून १३६ वर थांबणारे बरेच भेटतील. ‘किमान दोन’ असेल तर शून्य आणि एक, असे दोन्ही प्रकार वजा करावे लागतात. हवे असलेले प्रकार आणि वजा करायचे प्रकार सारखेच झाले की उलट्या वाटेचा फायदाही संपतो.

शिवाय काही प्रश्नांना सरळ मोजणीशिवाय गत्यंतर नाही. चार बल्बांत किमान एक खराब निघाला असं कळलं, तर नेमके दोन खराब असण्याची संभाव्यता किती? इथं ४९५ मधून चारही चांगले असण्याच्या १२६ निवडी वजा करून हाती ३६९ हा एकूण आकडा येतो, पण त्यातले १०८ वेगळे काढावेच लागतात. उत्तर १०८/३६९, म्हणजे १२/४१. अशा वेळी मी २५२, १०८, ९ हे तिन्ही आकडे मांडतो, आणि ‘आधी एक घेऊन टाकू’ला हात न लावता प्रत्येक वेळी ‘नेमके किती’ असं विचारून मोजतो. त्यांची बेरीज ४९५ − १२६ इतकी येते का, हे ताडून बघायला उलटी वाट शेजारी लागतेच.