लॉट फॉर लॉट की फिक्स्ड पिरियड? एका प्रेस पार्टचा आठ आठवड्यांचा हिशेब

एमआरपी, म्हणजे कोणता पार्ट कधी आणि किती लागेल याचं नियोजन करणारी सिस्टिम. तिच्यात प्रत्येक पार्टसमोर लॉट साइजचा, म्हणजे एका वेळी किती नग काढायचे हे ठरवणारा, एक रकाना असतो. बऱ्याच कारखान्यांत तो सिस्टिम बसवताना एकदा भरतात आणि पुढे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये तिथे `EX` असेल तर लॉट फॉर लॉट, `WB` असेल तर आठवड्याचा लॉट, `MB` असेल तर महिन्याचा. डाय प्रेसवर किती वेळा चढणार आणि स्टोअरमध्ये किती माल पडून राहणार, हे या दोन अक्षरांवर ठरतं. म्हणून ही निवड सवयीने करू नये, पार्टचा हिशेब मांडून करावी.

लॉट फॉर लॉटचा नियम सरळ आहे. ज्या आठवड्यात जितकी निव्वळ गरज, तितकीच ऑर्डर. निव्वळ गरज म्हणजे एकूण मागणीतून हातातला स्टॉक आणि आधीच सोडलेल्या ऑर्डरी वजा केल्यावर उरते ती. फिक्स्ड पिरियडमध्ये मुदत ठरवायची, समजा चार आठवडे, आणि त्या मुदतीतल्या सगळ्या गरजा एकत्र करून पहिल्या गरजेच्या वेळी एकच लॉट काढायचा. मुदत कायम राहते, नगांची संख्या दर वेळी बदलते. दर वेळी ठरावीक ५०० नग काढायचे हा तिसराच नियम आहे. त्यात जास्तीचे नग उरून पुढे ओढले जातात. फिक्स्ड पिरियडमध्ये मागणी बदलली नाही तर मुदतीअखेर त्या लॉटचं काही उरत नाही.

आता एक ब्रॅकेट घेऊ, पत्र्याचा, प्रेसवर निघणारा. आकडे हिशेबाला सोपे पडावेत असे घेतले आहेत. एका नगाची किंमत २६० रुपये. माल अडकून पडण्याचा खर्च वर्षाला २० टक्के धरला तर ५२ रुपये होतात, म्हणजे आठवड्याला नगामागे १ रुपया. डाय बदलणं, सेटिंग, पहिला पीस पास होईपर्यंत जाणारा स्क्रॅप असं सगळं धरून एका सेटअपचे १५०० रुपये. हातात स्टॉक शून्य.

| आठवडा | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| निव्वळ गरज | ३०० | ० | ४५० | २०० | ० | ५५० | १५० | ३५० |
| लॉट फॉर लॉट | ३०० | – | ४५० | २०० | – | ५५० | १५० | ३५० |
| दोन आठवड्यांचा लॉट | ३०० | – | ६५० | – | – | ५५० | ५०० | – |
| चार आठवड्यांचा लॉट | ९५० | – | – | – | – | १०५० | – | – |

लॉट फॉर लॉटमध्ये सहा सेटअप होतात, ९००० रुपये. आठवड्याअखेर शिल्लक काही नाही, त्यामुळे साठ्याचा खर्च शून्य.

चार आठवड्यांच्या लॉटला दोनच सेटअप, ३००० रुपये. पण पहिल्या आठवड्याअखेर ६५० नग उरतात, दुसऱ्याअखेर तेच ६५०, तिसऱ्याअखेर २००. पुढच्या लॉटमधून सहाव्याअखेर ५०० आणि सातव्याअखेर ३५०. बेरीज २३५०, म्हणून साठ्याचे २३५० रुपये आणि एकूण ५३५०. दोन आठवड्यांच्या लॉटला चार सेटअपचे ६००० आणि साठ्याचे ५५०, एकूण ६५५०.

चारच आठवडे का, हा प्रश्न रास्त आहे. मुदत काढायची नेहमीची पद्धत अशी: सरासरी गरज आठवड्याला २५० नग, त्यावरून सेटअप आणि साठ्याचा खर्च मिळून सर्वांत कमी पडेल असा किफायतशीर लॉट सूत्राने येतो साधारण ८६६ नगांचा, आणि त्याला २५० ने भागलं की जवळपास साडेतीन आठवडे. इथे तीन घ्यावेत की चार? तीनचा हिशेब केला तर तीन सेटअपचे ४५०० आणि साठ्याचे पुन्हा २३५०, एकूण ६८५०. तिसरा लॉट नवव्या आठवड्याचीही गरज भागवणार असल्याने ही तुलना त्याच्यावर थोडा अन्याय करते, पण फरक १५०० रुपयांचा आहे. तो पडतो गरज नसलेल्या आठवड्यांच्या जागेमुळे. सूत्राला फक्त सरासरी दिसते, दुसरा आणि पाचवा आठवडा कोरा आहे हे दिसत नाही. म्हणून सूत्राच्या दोन्ही बाजूंच्या मुदती खऱ्या शेड्यूलवर लावून बघाव्यात.

पण या सगळ्या निकालाचा खुंटा १५०० रुपयांच्या सेटअपमध्ये आहे. हाच आकडा बदलत नेला तर याच मागणीसाठी उत्तर असं सरकतं: सेटअप २७५ रुपयांच्या खाली आला की लॉट फॉर लॉट सर्वांत स्वस्त, २७५ ते ९०० दरम्यान दोन आठवड्यांचा लॉट, ९०० च्या वर चार आठवड्यांचा. त्यामुळे नियमाबद्दल वाद घालण्याआधी सेटअपचा आकडा कुठून आला ते विचारा. अकाउंट्सच्या मशीन-तास दरात इमारतीचं भाडं आणि घसाराही मिसळलेला असतो. प्रेस आठवड्यातून दोन शिफ्ट रिकामी उभी राहत असेल, तर आणखी एका डाय चेंजने खिशातून जातो तो स्क्रॅप आणि थोडीफार मजुरी, १५०० रुपये नव्हे. याउलट कारखान्याचं सगळं काम त्याच प्रेसपाशी अडत असेल, तर सेटअपमध्ये गेलेला प्रत्येक तास म्हणजे न निघालेला माल, आणि तिथे १५०० सुद्धा कमी पडतील.

पैशांच्या बेरजेत न येणारी गोष्ट म्हणजे मागणीतले बदल. समजा, दुसऱ्या आठवड्यात ग्राहकाने चौथ्या आठवड्याचे २०० नग रद्द केले. लॉट फॉर लॉटमध्ये ते अजून काढलेलेच नसतात. चार आठवड्यांच्या लॉटमध्ये ते तयार होऊन पडलेले असतात. ब्रॅकेट तोच चालू राहणार असेल तर ते पुढे खपतील, पण ड्रॉइंग बदललं तर २०० गुणिले २६० म्हणजे ५२,००० रुपयांचा माल भंगारात. सेटअपमध्ये वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट.

उलट बाजूही आहे. सहाव्या आठवड्यात ग्राहकाने अचानक १०० नग जास्त मागितले, तर मोठा लॉट वेळ निभावून नेतो, कारण पुढच्या आठवड्यांचे नग हातात असतात. ती उसनवारी लॉटच्या शेवटी फेडावी लागते, पण तोवर प्लॅनिंगला उसंत मिळते. लॉट फॉर लॉटमध्ये अशी उशी नसते. तिथे सेफ्टी स्टॉक वेगळा ठेवावाच लागतो, आणि त्याचा खर्च ‘साठा शून्य’ म्हणताना विसरला जातो.

खालच्या पातळीवरचा परिणाम सर्वांत उशिरा लक्षात येतो. ब्रॅकेटला चार आठवड्यांचा लॉट दिला की तो ज्यातून निघतो त्या पत्र्याच्या कॉइलची मागणीही तशीच उसळ्या घेते: एकदा ९५० नगांची, मग थेट सहाव्या आठवड्यात १०५० नगांची. मध्ये मागणी शून्य. त्यात पहिल्या आठवड्याचे ३०० ब्रॅकेट स्टोअरमध्येच सापडले, तर ९५० चा लॉट मोडून ६५० चा होतो आणि तिसऱ्या आठवड्यात सरकतो, कॉइल मात्र ९५० नगांच्या हिशेबाने मागवून झालेली असते. एमआरपीच्या दर रनला खरेदीला तारखा मागे-पुढे करण्याचे संदेश ढिगाने येऊ लागले, तर वरच्या पार्टच्या लॉट साइजकडे आधी बघा.

म्हणून मी वरच्या असेंब्लीला लॉट फॉर लॉट ठेवतो. तिथे सेटअप नावापुरता, नग महाग आणि जागा जास्त. महागड्या किंवा अजून ड्रॉइंग स्थिर न झालेल्या पार्टलाही तेच. जड डाय असलेल्या, सतत खपणाऱ्या, स्वस्त प्रेस पार्टला फिक्स्ड पिरियड. आणि कॉइलला पुन्हा फिक्स्ड पिरियड लावताना मुदती जुळतील हे बघतो. ब्रॅकेट चार आठवड्यांचा आणि कॉइल तीन आठवड्यांची असेल, तर एखाद्या तीन आठवड्यांच्या मुदतीत कॉइलला गरजच उरत नाही आणि एकत्र करण्याचा फायदा संपतो. तिथे कॉइलला सरळ लॉट फॉर लॉट द्यावा, कारण वरचा लॉट आधीच मोठा झालेला असतो.