३२ की ६४ जीबी? लॅपटॉपच्या मागणीबद्दल

मॅडम, नमस्कार.

नव्या लॅपटॉपसाठी तुम्ही दोन कोटेशनं पाठवलीत: ३२ जीबीचा पातळ, हलका लॅपटॉप आणि ६४ जीबीचा जरा जाडजूड. आहे तो १६ जीबीचाच ठेवून चाचणीचे गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, ऑफिसच्या सर्व्हरवर चालवावेत, असंही बोलणं झालं होतं. प्रोसेसर, स्क्रीन वगैरे कोटेशनमध्ये आहेच, त्यामुळे इथे फक्त मेमरीचं लिहितो.

आपल्या क्लस्टरची चाचणी घ्यायची तर तीन लिनक्स गेस्ट एकाच वेळी चालू लागतात. प्रत्येकाला ४ जीबी धरले तर १२ झाले. ग्राहकाकडचं क्लायंट सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालतं. तिची किमान अट ४ जीबीची असली तरी ८ दिल्याशिवाय तिच्यावर काम करवत नाही. लोड टाकणाऱ्या छोट्या गेस्टला २. एकूण २२ जीबी. लॅपटॉपवर एडिटर, बिल्ड आणि ब्राउझर मिळून ८-९ जीबी सहज जातात. बेरीज ३१ च्या आसपास येते, म्हणजे ३२ च्या लॅपटॉपवर कागदावर सगळं मावतं.

अडचण नेमकी या ‘मावतं’मध्ये आहे. गेस्ट सुरू होताना सगळी मेमरी घेत नाही, पण एकदा वापरलेली आपणहून होस्टला, म्हणजे खुद्द लॅपटॉपला, परतही करत नाही. गेस्टला ती मोकळीच वाटते किंवा फाइलच्या कॅशेत अडकलेली असते, होस्टच्या हिशेबात मात्र ती गेलेली असते. त्यामुळे सकाळी सुरळीत चाललेल्या चाचण्या दुपारी अडखळू लागतात. जागा संपली की होस्ट गेस्टच्या मेमरीची पानं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये टाकतो, आणि इथेच मला सर्वांत जास्त छळणारा प्रकार सुरू होतो: चाचणी खोटी नापास होते.

आपल्या क्लस्टरमधल्या etcd या डेटाबेसच्या लीडरचं हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ हा संदेश, मूळ सेटिंगप्रमाणे दर १०० मिलिसेकंदांनी जातं आणि १,००० मिलिसेकंद ते आलं नाही की नव्या लीडरची निवडणूक लागते. स्वॅपमधून पानं परत येईपर्यंत गेस्ट सेकंदभर गोठला, तर लीडर बदलतो आणि चाचणी लाल होते. कोडमध्ये काहीच चुकलेलं नसतं. गेस्टमध्ये जाऊन `free -h` पाहावं तर मेमरी मोकळी दिसते, कारण स्वॅप बाहेर, होस्टवर चाललेलं असतं. खरं कारण होस्टवरच कळतं:

```
vmstat 5
journalctl -k | grep -i "out of memory"
```

पहिल्या कमांडमध्ये `si` आणि `so` हे स्वॅपची ये-जा दाखवणारे रकाने सतत शून्याच्या वर राहिले, तर त्या वेळचा निकाल मी धरत नाही. दुसऱ्या कमांडमध्ये `qemu` चं नाव आलं, तर कर्नलने एक अख्खा गेस्टच मारला आहे. बहुधा सगळ्यात मोठा, म्हणजे विंडोजचाच. वीज गेल्यासारखा तो बंद पडतो. बलूनिंग आणि KSM हे गेस्टची मेमरी वाचवण्याचे उपाय करून पाहिले. थोडी मेमरी सुटते, पण आणखी एक गेस्ट बसेल इतकी नाही. etcd ची मुदत वाढवता येते, पण मग ग्राहकाकडे चालतं त्याच सेटिंगची चाचणी होत नाही.

सर्व्हरचा पर्याय वाईट नाही, रात्रभर चालणाऱ्या चाचण्यांसाठी तोच योग्य आहे. पण दिवसा मला एखाद्या नोडची केबल काढल्यासारखं करायचं असतं (`virsh domif-setlink`), अर्ध्यात वीज घालवायची असते (`virsh destroy`), मागच्या स्नॅपशॉटवर यायचं असतं. दहा जणांच्या सर्व्हरवर मेमरीची तीच ओढाताण दुसऱ्याच्या गेस्टमुळे होते आणि तिथे `vmstat` मध्ये दिसलं तरी माझ्या हातात काही नसतं.

हलका लॅपटॉप प्रवासाला नक्कीच बरा, आणि ज्यांना एखादाच गेस्ट लागतो त्यांना ३२ जीबी पुरेत. माझा कल दुसऱ्याकडे जातो तो आणखी एका कारणाने. हलक्यात मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली आहे, नंतर वाढवता येत नाही. जाडजूडमध्ये दोन स्लॉट आहेत. यंदा बजेट कमी पडत असेल तर त्यातच ३२ जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवावा. तोवर मेमरीचा वेग थोडा कमी मिळेल आणि विंडोजचा गेस्ट मी वेगळा चालवीन. १६-१६ च्या दोन पट्ट्या मात्र घेऊ नयेत, पुढे दोन्ही काढून ठेवाव्या लागतील.

ऑर्डरआधी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: त्याच मॉडेल नंबरमध्ये दोन्ही स्लॉट आहेत का, आणि दुसरी पट्टी आपण बसवली तर वॉरंटी राहते का. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्येही कधीकधी एक स्लॉट आणि बाकी सोल्डर असं निघतं.

कळावे.