उशिरा आलेल्या पोचपावत्या: जुना आकडा बदलायचा की गोठवायचा?

तुर्भ्याच्या आमच्या गोदामातून कोकणात माल जातो. सही झालेली पोचपावती ड्रायव्हर परतल्यावरच हाती येते, कधी दहा दिवसांनी. सोमवारी आम्ही पहिल्या आठवड्याच्या 412 डिलिव्हऱ्या कळवल्या. पुढच्या सोमवारपर्यंत त्याच आठवड्याच्या आणखी 19 पावत्या आल्या. दुसऱ्या आठवड्याच्या तोवर 418 होत्या.

आकडा गोठवला, तर 412 तसाच राहतो आणि उशिराच्या 19 दुसऱ्या आठवड्यात धरल्या जातात: 437. म्हणजे 25 ची वाढ, जी तेवढी झालेलीच नाही. बिलांसाठी मात्र हेच बरं, कारण पाठवलेला कागद बदलत नाही.

डिलिव्हरीच्या तारखेने आकडा सुधारला, तर पहिला आठवडा 431 होतो. तो खरा, पण शेजारी 418 पाहून साहेब विचारतात, "काम का घटलं?" घटलेलं नाही, दुसऱ्या आठवड्याच्या पावत्या अजून वाटेत आहेत. म्हणून प्रत्येक आठवडा संपल्यावर लगेचच्या सोमवारी कळवलेले आकडेच एकमेकांशी ताडा: 412 आणि 418.

कामाचा अंदाज घ्यायला मी सुधारणेच्याच बाजूने आहे. चार आठवडे आकडा खुला, मग बंद. त्यासाठी प्रत्येक पावतीवर डिलिव्हरीची आणि नोंदीची, दोन्ही तारखा हव्यातच. नोंदीची तारीख नसेल तर जुना 412 पुन्हा काढताच येत नाही.