डोक्यात अडकलेली चाल: गाणं म्हणून शोधायची की थीम म्युझिक म्हणून?

चाल पक्की आठवत्येय, नाव काही केल्या सापडत नाही, अशा वेळी दोन रस्ते असतात. हे कुणीतरी गायलेलं गाणं आहे असं धरून शोधायचं, नाहीतर ही नुसती वाद्यांवरची धून आहे असं धरून. मी दोन्ही भरपूर वापरलेत आणि माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण आधी आपली चाल कुठल्या गटातली ते कसं ओळखायचं ते बघू.

बहुतेक जण म्हणतात, शब्द आठवत नाहीत म्हणजे वाद्यांचंच असणार. हा पुरावा फार कच्चा आहे, कारण परक्या भाषेतलं गाणं असेल किंवा लांबून ऐकलेलं असेल तर शब्द डोक्यात बसलेलेच नसतात. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती खूण वेगळी आहे. चाल दुसऱ्यांदा येते तेव्हा काय होतं ते आठवून बघा. गाण्यात दुसऱ्या कडव्याला अक्षरं एकदोन कमीजास्त असतात, त्यामुळे सूर तेच राहतात पण कुठे एक लांब सूर दोन तुकड्यांत मोडतो, कुठे दोन छोटे जोडले जातात. वाद्यांच्या धुनेत असं सहसा होत नाही, तिथे तोच तुकडा जसाच्या तसा येतो, किंवा दुसऱ्या वाद्यावर येतो, किंवा अख्खाच्या अख्खा वरच्या पट्टीत सरकतो. गुणगुणताना तुम्ही दुसऱ्या वेळी आपोआप लय थोडी बदलत असाल तर शब्द होते असं समजायला हरकत नाही.

दुसरी खूण श्वासाची. सावकाश, मोठ्याने गाऊन बघा. दम घ्यायला जागाच सापडत नसेल, किंवा खालच्या सुरावरून एकदम सप्तकभर वर उडी आणि लगेच परत खाली असं चाललं असेल, तर ते बहुधा पियानो, व्हायोलिन असल्या वाद्यासाठी केलेलं असतं. गाण्याची चाल साधारण एका सप्तकात, फार तर दीड सप्तकात मावते.

एक घोळ मात्र दोन्ही खुणांना चकवतो, तो म्हणजे दोन कडव्यांमधला म्युझिक पीस. आठवतो तो वाद्यांचा तुकडा, पण असतो गाण्यातला. छोटा, चटकन संपणारा तुकडा असेल आणि त्याच्या शेवटी आता कुणीतरी गायला सुरुवात करणार असं वाटत असेल तर तो हाच प्रकार.

आता शोधायचं कसं. गाणं असेल तर काम सोपं आहे. दोन शब्द जरी खात्रीचे असले तरी अवतरणचिन्हांत टाकून सर्च करायचे, आणि त्यातही प्रेम, रात्र असले हजार गाण्यांत येणारे शब्द सोडून जो विचित्र वाटतो तो शब्द आधी. शब्द नसतील तर गुणगुणून शोधायचं. गूगलमध्ये ही सोय २०२० पासून आहे, दहापंधरा सेकंद गुणगुणलं की ते आवाजाचा पोत, वाद्यं सगळं बाजूला काढतं आणि फक्त सुरांचा चढउतार जुळवतं. शाझमचं तसं नाही, त्याला मूळ रेकॉर्डिंगच ऐकवावं लागतं, तुमचं गुणगुणणं तिथे चालत नाही. गाजलेलं गाणं असेल तर हा रस्ता इतका झटपट आहे की दुसऱ्याचा विचारच करायला नको.

पण माझं मत फिरलं ते एका त्रासामुळे. गुणगुणून शोधलं की उत्तरांची यादी येते, आपण एकेक वाजवून बघतो, हे नाही, हेही नाही, हे थोडं जवळचं आहे, आणि चारपाच ऐकून झाल्यावर आपली मूळ चालच डोक्यात डळमळायला लागते. जवळच्या गाण्याचं एखादं वळण आपल्या चालीत शिरतं आणि पुढच्या वेळी आपण तेच गुणगुणतो, मग यादीही त्याच दिशेने घसरत जाते. माझी एक धून अशी निम्मी पुसली गेली होती. शब्द टाकून शोधलं तर आणखी पंचाईत, कारण अंदाजाने टाकलेले शब्द एकदा चालीवर बसले की उतरत नाहीत.

म्हणून मला आता धून आधी कागदावर उतरवणं जास्त पटतं, आणि हा मुळात वाद्यांच्या धुनांचा जुना रस्ता आहे. बार्लो आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४८ मध्ये फक्त वाद्यसंगीतातल्या सुमारे १०,००० थीम्सचा कोश काढला, सगळ्या थीम्स एकाच पट्टीत आणून सुरांच्या अक्षरांनी लावलेला, आणि गायलेल्या चालींचा त्यांनी नंतर वेगळा ग्रंथ केला. डेनिस पार्सन्सने १९७५ मध्ये ते आणखी सोपं केलं, सूर ओळखायचेच नाहीत, फक्त पुढचा सूर आधीच्यापेक्षा वर गेला तर U, खाली आला तर D, तोच राहिला तर R. पहिल्या सुराला नुसतं *. म्युझिपीडिया नावाच्या, धुना शोधून देणाऱ्या वेबसाइटवर हा कोड टाकून शोधता येतं.

एक करून बघू. बेथोवनच्या नवव्या सिंफनीतली (१८२४) शेवटच्या भागातली प्रसिद्ध चाल घ्या. सुरुवात अशी, ग ग म प प म ग रे सा सा रे ग ग रे रे. याचा कोड:

```
*RUURDDDDRUURDR
```

दुसरी ओळ जवळजवळ तीच, फक्त शेवटी रे ग रे सा सा होतं:

```
*RUURDDDDRUUDDR
```

फरक फक्त शेवटून तिसऱ्या अक्षरात आहे, R च्या जागी D. नुसतं गुणगुणताना दोन ओळी एकमेकींत मिसळतात, कागदावर मिसळत नाहीत. आणि ही चाल माझ्या सगळ्या खुणांनुसार गाणंच ठरते, लागोपाठचे सूर, मोठ्या उड्या जवळजवळ नाहीतच, सगळं सप्तकात मावणारं, श्वासाला जागा. तरी त्या सिंफनीत ती आधी चेलो आणि डबल बास नुसती वाजवतात, माणसाचा आवाज बराच नंतर येतो. म्हणजे अंदाज चुकला तरी कोड चुकत नाही, तो दोन्हीकडे चालतो, हा त्याचा खरा फायदा.

याच्याही मर्यादा आहेत. सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड असेल, किंवा भरभर मुरक्या असतील, तर नेमका कुठला सूर धरायचा तेच कळत नाही आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं की जुळणी बिघडते, अशा चालीला गुणगुणणंच बरं. पाचसहा अक्षरांवर फार धुना जुळतात, बारापंधरा तरी हवीत. शिवाय म्युझिपीडियाचा भर मुख्यतः शास्त्रीय आणि लोकसंगीतावर आहे. जाहिरातीत किंवा बातम्यांच्या सुरुवातीला वाजणारं म्युझिक पुष्कळदा तयार संग्रहातून विकत घेतलेलं असतं, ते तिथे मिळायची शक्यता कमी. तिथे धून शोधण्यापेक्षा ती जाहिरात किंवा तो कार्यक्रमच शोधावा, क्लिप मिळाली की तिच्यावर शाझम लावावं, मात्र वर कुणी बोलत नाहीये असा भाग निवडावा. सिनेमातली थीम असेल तर साउंडट्रॅकची यादी बघावी, पण यादीतली नावं प्रसंगांची असतात, त्यामुळे धून कुठल्या दृश्याला वाजली ते आठवलं तर लवकर सापडते.

तेव्हा खात्रीचे शब्द हातात असतील तर खुशाल गाण्याच्या रस्त्याने जा, वेळ वाचेल. शब्द नसतील किंवा त्यांच्याबद्दल थोडी जरी शंका असेल तर, निदान माझ्या अनुभवात, आधी फोनवर एकदा गुणगुणून रेकॉर्ड करा, त्यावरून कोड लिहा, आणि मग काय शोधायचं ते शोधा. यादीतली गाणी वाजवायची ती त्यानंतरच, आणि प्रत्येक दोनतीन गाण्यांनंतर आपलं रेकॉर्डिंग परत एकदा ऐकून.