डिलिव्हरीसाठी इलेक्ट्रिक स्कूटर: हप्त्याने घ्यावी की भाड्याने?

कागदावर मांडलं तर विकत घेणंच स्वस्त पडतं. समजा गाडी ९०,००० ची आहे. २०,००० रोख आणि ७०,००० चं कर्ज, १२ टक्के फ्लॅट व्याजाने दोन वर्षांसाठी. हप्ता साधारण ३,६०० चा बसतो. भाडं आठवड्याला १,५०० धरलं तर महिन्याला साडेसहा हजार, अर्थात त्यात बॅटरी आणि दुरुस्ती आली. चार्जिंग, विमा, टायर धरूनही घेणाऱ्याचे दीडेक हजार वाचतात. रोख भरलेले वीस हजार दोन वर्षांवर पसरले की ती बचत निम्मी उरते, पण गाडी शेवटी आपली होते.

मी तरी भाड्याकडे झुकलो, ते बंद पडलेल्या दिवसांमुळे. पावसाळ्यात सिंहगड रोडवर पाणी तुंबलं की इलेक्ट्रिक गाडी दोन तऱ्हांनी दगा देते. एक साधी: ब्रेकच्या लिव्हरमधला स्विच चिखलाने अडकतो, आणि ब्रेक दाबलाय असं समजून कंट्रोलर मोटरला करंटच देत नाही. गाडी मेल्यासारखी वाटते, पण मागचा लाल दिवा सतत पेटलेला दिसतो. लिव्हर चार-पाच वेळा सोडून-दाबून, स्विच पुसून काम भागतं. दुसरी महागडी: कंट्रोलरच्या कनेक्टरमध्ये पाणी जातं, गाडी धक्के देत चालते आणि मग थांबते. चौकातला गॅरेजवाला त्याला हात लावत नाही, लावला तर वॉरंटीचा वाद. पार्ट कंपनीकडून येईपर्यंत कमाई शून्य आणि हप्त्याची तारीख तिथेच. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो, बँक आणि फायनान्सवाला दोघेही दंड लावतात आणि सिबिलवर नोंद राहते ती वेगळीच. भाड्याच्या गाडीला तेच झालं तर ती परत द्यायची, दुसरी घ्यायची. गावी जायचं असेल तर आठवडा मोडून गाडी जमा करता येते.

भाड्याचा जाच डिपॉझिटमध्ये असतो. गाडी घेताना आणि देताना आरसे, फूटबोर्ड, मागचं मडगार्ड यांचा व्हिडिओ काढून ठेवा, नाहीतर जुना ओरखडाही तुमच्या नावावर जातो. करारात दोन गोष्टी विचारा: गाडी वर्कशॉपमध्ये असताना भाडं चालू राहतं का, आणि बदली गाडी किती तासांत मिळते. दुसऱ्याला ठाम उत्तर नसेल तर भाड्याचा अर्धा फायदा गेला.

घ्यायचीच असेल तर आधी प्लगचं बघा. धनकवडीत तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली, पार्किंगमध्ये पॉइंट नाही आणि घरमालक वायर खाली सोडू देत नाही, अशा ठिकाणी रोज बॅटरी उचलून जिने चढायचे. विम्यात 'वापर' या रकान्यात खाजगी लिहिलं असेल, तर डिलिव्हरी करताना झालेल्या अपघाताचा क्लेम नाकारला जाऊ शकतो; तेवढं एजंटकडून लेखी घ्या. तीन-चार हप्त्यांएवढी रक्कम बाजूला असेल आणि वर्षभर काम सुटणार नाही याची खात्री असेल, तर घ्यायला हरकत नाही.