व्हॅल्यू चेन की कोअर कॉम्पिटन्स? जळगावच्या डाळ मिलवर दोन्ही लावून पाहू

स्ट्रॅटेजीच्या असाइनमेंटमध्ये 'कंपनीचा स्पर्धात्मक फायदा शोधा' असा प्रश्न आला की बहुतेक जण दोन्ही आराखडे अर्धे अर्धे भरतात आणि दोन्हीकडे गुण घालवतात. एकच मुख्य धरायचा असेल तर कुठला, हे ठरवायला एक डाळ मिल घेऊ. जळगावात मिलांची कमतरता नाही, आणि ओळखीतून एखाद्या मिलमध्ये शिरता येतं.

पहिला फरक पातळीचा आहे. मायकेल पोर्टरने 1985 मध्ये मांडलेली व्हॅल्यू चेन एका धंद्यासाठी आहे. माल येतो, त्यावर काम होतं, तो बाहेर जातो, विकला जातो, आणि या प्रत्येक कामाला खर्च येतो. प्रल्हाद आणि हॅमेल यांची 1990 ची कोअर कॉम्पिटन्स ही अनेक धंदे असलेल्या कंपनीसाठी आहे. हे सगळे धंदे कुठल्या एका सामायिक जाणतेपणावर उभे आहेत, असा तिचा प्रश्न आहे. तुमची कंपनी एकच वस्तू विकत असेल तर व्हॅल्यू चेन मुख्य धरा. जैन इरिगेशनसारखी पाइप, ठिबक, टिश्यू कल्चरची केळी आणि कांदा-फळप्रक्रिया अशी पसरलेली कंपनी निवडली असेल, तर तिची एकच चेन काढण्यात अर्थ नाही. पाइपच्या चेनचा आणि आमरसाच्या चेनचा सांधा जुळत नाही. तिथे कॉम्पिटन्सच विचारावी लागते.

आता मिलकडे. तुरीची डाळ करायची म्हणजे तूर चाळून प्रतवारी करायची, रोलरवर टरफलाला ओरखडे पाडायचे, तेल लावून मुरवायची, वाळवायची, पाणी मारून पुन्हा मुरवायची, मग टरफल काढून दाणा फोडायचा. शेवटी सॉर्टेक्सवर रंग निवडून पोती भरायची. तुरीचं टरफल आणि दाणा यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो. तो नीट सुटला नाही तर टरफल काढताना दाणाही घासला जातो आणि डाळीऐवजी चुनी वाढते. म्हणून या धंद्याचा सगळा हिशेब उताऱ्यावर असतो, म्हणजे एका क्विंटल तुरीतून किती किलो डाळ निघाली यावर.

समजण्यापुरते आकडे घेऊ. तूर 7,800 रुपये क्विंटल, डाळ 110 रुपये किलो, चुनी-टरफल सरासरी 25 रुपये किलो, आणि दळणापासून दलालीपर्यंतचा बाकी खर्च क्विंटलमागे 600 रुपये. दोन्ही मिलांत 4 किलो ओलावा आणि कचऱ्यात जातो असं धरा. पहिल्या मिलचा उतारा 72 किलो. डाळीचे 7,920 आणि 24 किलो चुनी-टरफलाचे 600 मिळून 8,520 रुपये आले. खर्च 8,400, उरले 120. दुसऱ्या मिलचा उतारा 75 किलो. डाळीचे 8,250 आणि 21 किलोचे 525 मिळून 8,775 आले, म्हणजे 375 उरले. फरक फक्त तीन किलोंचा, पण नफा तिपटीहून जास्त.

हे तीन किलो कुठून आले, हे सांगणं हेच व्हॅल्यू चेनचं काम. इथेच विद्यार्थी चुकतात. ते पोर्टरच्या नऊ चौकटींच्या आकृतीतल्या 'ऑपरेशन्स'च्या चौकटीत 'आधुनिक यंत्रसामग्री' लिहून मोकळे होतात. मीही पहिल्या मसुद्यात तेच केलं होतं. मग एका मिलच्या खरेदीदाराबरोबर बाजार समितीत एक सकाळ काढली. ते ढिगात हात कोपरापर्यंत घालून तळातली मूठ काढत, एक दाणा दाढेखाली फोडत आणि आवाज ऐकत. कडक फुटला तर वाळलेला, चिकटून दबला तर ओला. अमळनेरकडचे गृहस्थ, ते म्हणाले, "दाना बोलस, भाऊ." ते ओली-सुकी तूर एका लॉटमध्ये मिसळू देत नसत. लॉट एकसारखा असला की तेल आणि वाळवण सगळ्या दाण्यांना सारखं लागू पडतं. म्हणजे उतारा दिसतो मिलमध्ये, पण तो कमावला जातो खरेदीच्या ओट्यावर. दोन कामांमधल्या अशा जोडणीला पोर्टर 'लिंकेज' म्हणतो, आणि माझ्या मते असाइनमेंटचा खरा जीव त्यातच आहे. नऊच्या नऊ चौकटी भरण्यापेक्षा अशी एक जोडणी आकड्यांसह दाखवा.

चौकटीत लिहिलेलं वाक्य तपासायचं असेल तर कंपनीचं नाव खोडून शेजारच्या मिलचं घाला. वाक्य तरीही खरं राहिलं, तर ते वर्णन आहे, फायदा नाही.

पण हा फायदा टिकेल का? इथे व्हॅल्यू चेनचं बोलणं संपतं आणि कॉम्पिटन्सच्या तीन कसोट्या कामाला येतात. ही क्षमता दुसऱ्या बाजारांचं दार उघडते का? गिऱ्हाइकाला जाणवणाऱ्या लाभात तिचा मोठा वाटा आहे का? आणि ती नक्कल करायला अवघड आहे का? सॉर्टेक्स मशीन तिसऱ्या कसोटीवर लगेच पडतं, कारण पैसे मोजले की शेजारच्या मिललाही ते मिळतं. लॉट ओळखून मुरवण्याचं ज्ञान मात्र टिकू शकतं. उडीद आणि मुगाचंही टरफल चिवट असतं, त्यामुळे हेच ज्ञान तिथे वापरून मिलने त्या डाळींतही चांगला उतारा काढला असेल, तर पहिली कसोटी पार झाली. फक्त हरभरा घेतला असेल तर तो पुरावा धरू नका. हरभऱ्याचं टरफल तुलनेने सहज सुटतं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक अट, जी या कसोट्यांच्या यादीत सहज नजरेआड होते. कॉम्पिटन्स म्हणजे संस्थेचं सामूहिक शिकणं. वरचे खरेदीदार उद्या दुसऱ्या मिलमध्ये गेले आणि उतारा 72 वर आला, तर ती त्यांची हातोटी होती, मिलची क्षमता नव्हे. लॉटवार ओलावा, किती तेल लावलं, किती तास मुरवलं आणि शेवटी उतारा किती आला, याची वही असेल आणि दुसरा माणूस त्या वहीवरून तसंच काम करू शकत असेल, तरच कॉम्पिटन्स लिहा.

माहिती कुठून मिळेल, यावरही निवड ठरते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात विभागनिहाय विक्री मिळते, पण खर्च कच्चा माल, पगार, वीज अशा नावांनी असतो. कुठल्या कामावर किती गेला, हे त्यातून निघत नाही. त्यामुळे फक्त अहवालावर काढलेली व्हॅल्यू चेन बहुधा अंदाजपंचे होते. मिलमालक ताळेबंद दाखवणार नाहीत, आणि ते साहजिक आहे. त्यांना नफा विचारूच नका. मागच्या दहा लॉटची आवक आणि त्यातून निघालेली डाळ, एवढंच मागा. तेवढे वीस आकडे मिळाले तर व्हॅल्यू चेन मुख्य धरून शेवटच्या दीड पानात तीन कसोट्या लावा. ते मिळाले नाहीत आणि अनेक धंद्यांची कंपनी हाताशी असेल, तर कॉम्पिटन्सकडे वळा आणि चेन एकाच विभागापुरती काढा.

मिलमध्ये जाणार असाल तर तूर येण्याच्या हंगामात, जानेवारी-फेब्रुवारीत जा. आणि मालकांच्या केबिनमध्ये बसण्याआधी तासभर वजनकाट्याजवळ उभे राहा. कुठला ट्रॅक्टर परत पाठवला आणि का, हे तिथेच कळतं.